दर घड्याळावरून, दिवस पाळीवरून : गोव्यातल्या टाइम ऑफिसांना आणि पगार विभागांना खुलं पत्र

प्रति,
गोव्याच्या औद्योगिक वसाहतींमधल्या कारखान्यांचे टाइम ऑफिस, पगार विभाग आणि कामगार पुरवणारे ठेकेदार यांस

सप्रेम नमस्कार.

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, तुये, डिचोली अशा वसाहतींतून रात्रपाळी करणारी अनेक माणसं पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात. मी बरीच वर्षं टाइम ऑफिसात काढली, त्यामुळे पंचिंगची यादी आणि चिठ्ठी शेजारी ठेवून बघायची सवय हाताला आहे. या चिठ्ठ्यांमध्ये एकच चूक पुन्हापुन्हा दिसते. रात्री आठला आत गेलेला माणूस पहाटे बाहेर पडतो, मध्ये बारा वाजतात, तारीख बदलते आणि त्या बारा वाजण्यापाशी त्याच्या पगाराचा हिशेब मोडतो. ही चूक मुद्दाम कोणी करतं असं मी म्हणत नाही. पण ती दर महिन्याला होते, आणि जवळजवळ नेहमी कामगाराच्या खिशातूनच जाते. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

आधी रात्रीच्या तासांचा जादा दर येतो कुठून ते बघू. फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ मध्ये ओव्हरटाइमचा दुप्पट दर होता, पण रात्रीच्या तासांना वेगळा जादा दर द्या असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो येतो युनियनबरोबरच्या करारातून, नेमणूकपत्रातून किंवा ठेक्याच्या अटींतून. काही ठिकाणी रात्रपाळीमागे ठरावीक रक्कम देतात, तिथे तास मोजायचा प्रश्नच येत नाही. पण जिथे 'रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या कामाला अमुक दर' असं लिहिलेलं आहे, तिथे तो दर तासाला बांधलेला आहे, आणि मग तास मोजण्याला पर्याय नाही. केंद्र सरकारनेही १३ जुलै २०२० च्या आदेशात आपल्या कर्मचाऱ्यांच्या रात्रीच्या कामाची व्याख्या २२.०० ते ६.०० अशीच केली आहे आणि त्या वेळेतल्या प्रत्येक तासामागे दहा मिनिटांची भर धरली आहे. म्हणजे रात्र ही एक वेळ आहे, आणि ती बारा ओलांडून पलीकडे जाते. तिचे आठ तास सलग आहेत.

आता मूळ गोष्ट. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीचा पगार काढताना दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला, या तासाला दर कोणता? त्याचं उत्तर भिंतीवरचं घड्याळ देतं. दुसरा, हा तास कोणत्या दिवसाच्या खात्यात जातो? त्याचं उत्तर पाळी कधी सुरू झाली त्यावरून मिळतं. तारखेने उत्तर द्यावं असा यात एकही प्रश्न नाही. पंचिंगची यंत्रं मात्र दोन्ही प्रश्नांना तारखेनेच उत्तर देतात, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून निघतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मनाचं नाही. फॅक्टरीज अ‍ॅक्टच्या कलम ५७ मध्ये ते स्पष्ट होतं. ज्याची पाळी मध्यरात्रीच्या पुढे जाते त्याने बारानंतर केलेले तास आदल्या दिवसात मोजायचे, आणि त्याचा पुढचा दिवस त्याची पाळी संपल्यापासूनचे चोवीस तास. त्याच कायद्यात इतरांसाठी 'दिवस' मध्यरात्री सुरू होत होता. रात्रपाळीवाल्यासाठी मुद्दाम वेगळा नियम केला, कारण तसा केला नाही तर काय होतं हे त्या वेळीही ठाऊक होतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने जुन्या कायद्याची जागा घेतली तेव्हाही हा नियम तसाच पुढे आणला आहे.

एका कामगाराची एक रात्र घेऊ. तो औषधांच्या पॅकिंग लाइनवर आहे. पाळी रात्री ८ ते पहाटे ४.३०. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी १.०० ते १.३०, तिचा पगार नाही. दिवसाचा दर तासाला ९६ रुपये. करारात रात्री १० ते सकाळी ६ साठी पंचवीस टक्के जादा, म्हणजे तासाला १२० रुपये.

घड्याळाप्रमाणे चाललं तर आठ ते दहा हे दोन तास दिवसाच्या दराचे. दहा ते एक हे तीन आणि दीड ते साडेचार हे तीन, असे सहा तास रात्रीच्या दराचे. दोन तासांचे १९२ आणि सहा तासांचे ७२०, मिळून ९१२ रुपये. एवढंच गणित आहे. त्यात बारा वाजण्याचा उल्लेख करायची गरजही पडली नाही.

याच रात्रीचे ८१६ रुपये लावलेली चिठ्ठी कशी तयार होते ते बघा. यंत्र प्रत्येक तारखेची एक ओळ करतं. पहिल्या तारखेच्या ओळीत आठ ते बारा, दुसऱ्या तारखेच्या ओळीत बारा ते साडेचार. रात्र कुठून सुरू होते असं सॉफ्टवेअर बसवताना विचारलं, तेव्हा कोणीतरी '२२.०० पासून' असं भरलं. पहिल्या ओळीत दहा ते बारा हे दोन तास रात्रीचे सापडतात. दुसऱ्या ओळीतली सगळी वेळ मात्र २२ पेक्षा लहान आहे, कारण पहाटेचे साडेचार म्हणजे ४.३०. यंत्राच्या हिशेबी तो दिवस झाला. दोन तास १२० ने, सहा तास ९६ ने, एकूण ८१६. रात्रीमागे ९६ रुपये गेले. महिन्याला बारा रात्री भरणाऱ्याचे ११५२, आणि वर्षाला तेरा हजार आठशेच्या वर. सावंतवाडी-दोडामार्गकडून रोज बसने येणाऱ्या माणसाच्या घरी एवढ्या पैशांत काय काय होतं ते मी इथे सांगत बसत नाही.

दुसरी तऱ्हा उलटी. 'रात्र' म्हणजे बारानंतर असं धरलेलं असतं. तेव्हा बाराच्या आतले दोन तास सुटतात, चार तास रात्रीचे लागतात आणि ८६४ रुपये होतात. तिसऱ्या तऱ्हेत रात्रीचे तास शून्य येतात. तिथे अट लिहिलेली असते 'वेळ २२ पेक्षा जास्त आणि ६ पेक्षा कमी'. अशी कोणतीच वेळ घड्याळात नसते. तिथे 'किंवा' हवं होतं. हा शून्य निदान लगेच लक्षात येतो. ८१६ आणि ८६४ मात्र वर्षानुवर्षं तसेच चालतात, कारण चिठ्ठीवर रात्रीच्या भत्त्याचा काहीतरी आकडा दिसत असतो.

ओव्हरटाइमचं नुकसान याहून मोठं आहे आणि दिसायला याहून अवघड, म्हणून तिथे थोडं थांबतो.

त्याच कामगाराची आठवड्याची शेवटची रात्र. शनिवारी रात्री आठला आत गेला. बॅच मध्येच सोडता येत नाही म्हणून सुपरवायझरने साडेसहापर्यंत थांबवलं. रविवार सुट्टी, सोमवारी पहिली पाळी. जेवणाची सुट्टी वजा करून त्याचं काम दहा तासांचं झालं. करारात आठ तासांच्या पुढे दुप्पट आहे, म्हणजे दोन तास ओव्हरटाइम, साडेचार ते साडेसहा. त्यातला सहापर्यंतचा दीड तास रात्रीच्या दराचा आणि शेवटचा अर्धा तास दिवसाच्या दराचा. आठ तासांचे ९१२. दीड तासाला २४० ने ३६०. अर्ध्या तासाला १९२ ने ९६. एकूण १३६८ रुपये.

यंत्राने ही रात्र तारखेवर कापली की शनिवारी चार तास आणि रविवारी सहा तास होतात. चार आठाच्या आत आहेत, सहाही आठाच्या आत आहेत. ओव्हरटाइम नाही. पहाटेचे तास रात्रीच्या दराने बरोबर धरले असं मानलं तरी अडीच तास ९६ ने आणि साडेसात तास १२० ने लागतात, होतात ११४० रुपये. दोनशे अठ्ठावीस रुपये कमी. माणूस सलग दहा तास उभा होता आणि कागदावर त्याने एकाही दिवशी आठ तास ओलांडले नाहीत. कलम ५७ ने बारानंतरचे तास आदल्या दिवसात घालायला सांगितले ते नेमके यासाठी.

हे कळायला वेळ का लागतो, तर आठवड्याच्या मधल्या रात्री ते घडत नाही. मंगळवारी रात्री हाच प्रकार झाला तर बुधवारच्या तारखेत पहाटेचे सहा आणि त्याच संध्याकाळच्या पाळीचे चार, असे दहा तास जमतात आणि दोन तास ओव्हरटाइम निघतो. आकडा बरोबर दिसतो, पण तो बुधवारच्या पाळीच्या दहा ते बारा या तासांवर चढलेला असतो, त्या पाळीत एक मिनिटही जास्त काम झालेलं नसताना. कामगार म्हणतो ओव्हरटाइम लागला, पगार विभाग म्हणतो सिस्टिम बरोबर आहे. मग सुट्टीच्या आदल्या रात्रीचा ओव्हरटाइम हरवला की 'तेव्हाच पंच नीट झाला नसेल' असं उत्तर मिळतं. दोन्ही रात्रींचा हिशेब एकाच चुकीच्या पद्धतीने झालेला असतो. एकीकडे योगायोगाने दुरुस्त, दुसरीकडे नाही.

दुप्पट कशाचं, हाही प्रश्न इथे येतो, आणि करारात तो बहुतेक वेळा मोकळा सोडलेला असतो. काही ठिकाणी ९६ ची दुप्पट करून त्यावर रात्रीचे २४ एकदाच देतात. तसं केलं तर वरचे ४५६ उतरून ४२० होतात. माझं मत स्पष्ट आहे. कलम ५९ मध्ये साधा दर म्हणजे मूळ वेतन आणि कामगाराला त्या वेळी मिळण्याजोगे भत्ते अशी व्याख्या होती, आणि त्यातून बोनस व ओव्हरटाइमचा पगार एवढंच वगळलेलं होतं. रात्री पावणेपाचला काम करणाऱ्याचा त्या घटकेचा साधा दर १२० आहे. दुप्पट त्याचीच व्हायला हवी. तुम्हाला हे मान्य नसेल तर करारात एका ओळीत तसं लिहा, म्हणजे निदान वाद करारावर होईल. आज तो सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने केलेल्या निवडीवर चालतो, आणि त्या माणसाला कराराची प्रत कोणी दाखवलेलीही नसते.

आता जेवणाच्या सुट्टीबद्दल. बहुतेक यंत्रं पाळीतून अर्धा तास आपोआप वजा करतात, पण कोणत्या दरातून वजा करायचा हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. खरं तर पाळीची वेळ पाहिली की बऱ्याचदा उत्तर आपोआप मिळतं. कलम ५५ ने घालून दिलेली शिस्त अशी की सुट्टीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि पाळ्या अजून त्याच हिशेबाने आखतात. रात्री आठ ते साडेचार या पाळीत सुट्टी एकच असेल तर ती एकच्या पुढे सुरू होऊ शकत नाही, कारण आठपासून पाच तास तिथे भरतात. आणि ती साडेअकराच्या आधी संपूही शकत नाही, कारण मग साडेचारपर्यंत पाचपेक्षा जास्त तास उरतात. म्हणजे ती अकरा ते दीडच्या मध्येच कुठेतरी येते. तो सगळा वेळ रात्रीचा आहे, म्हणून अर्धा तास रात्रीच्या तासांतून जाणं बरोबर आहे.

याच हिशेबाने दुपारी तीन ते रात्री साडेअकरा या दुसऱ्या पाळीची सुट्टी संध्याकाळी सहा ते साडेआठच्या मध्येच पडते. ती पूर्णपणे दिवसाच्या दरातली. त्या पाळीचा दहा ते साडेअकरा हा दीड तास अख्खा रात्रीच्या दराने लागायला हवा. मी पाहिलेल्या काही चिठ्ठ्यांमध्ये तो एकच तास लागलेला आहे. यंत्राने अर्धा तास रात्रीतून कापला, माणूस जेवला सात वाजता.

खरी अडचण संध्याकाळी पाच ते दीड या पाळीची. तिथे सुट्टी आठ ते साडेदहाच्या मध्ये कधीही येऊ शकते, आणि लाइन थांबवायची नाही म्हणून माणसं आळीपाळीने जेवायला जातात. साडेआठला जेवलेल्याचे रात्रीचे तास साडेतीन. दहाला जेवायला गेलेल्याचे तीन. पावणेदहाला गेला तर सुट्टीही अर्धी इकडे, अर्धी तिकडे. फरक रात्रीमागे बारा रुपयांचा आहे, फार नाही. पण एकाच लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या चिठ्ठीत तो दिसतो, आणि मग सांगता येत नाही. अशा पाळीत एक तर कॅन्टीनला जाताना-येताना पंच घ्या, नाहीतर सुट्टी दिवसाच्या तासांतूनच जाईल असं करारात ठरवून टाका. दुसरा मार्ग सोपा आहे आणि त्यात भांडण नाही.

सुट्टीच्या दिवसाचं काम हा याच धाग्याचा शेवटचा भाग. १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, पगारी सुट्टी आहे आणि त्या दिवशी काम केल्यास वेगळा दर आहे असं समजा. आपला कामगार १८ च्या रात्री आठला येतो आणि १९ च्या रात्रीही येतो. सुट्टी पाळीच्या सुरुवातीवरून धरली तर १८ ची पाळी साधी आणि १९ ची सगळी सुट्टीची, म्हणजे आठ तास. घड्याळावरून धरली तर १८ च्या पाळीतले बारानंतरचे चार तास आणि १९ च्या पाळीतले बाराच्या आतले चार तास, म्हणजे पुन्हा आठच. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत. मला खटकतं ते मिश्रण. १८ च्या रात्री 'पाळी आदल्या दिवशी सुरू झाली' म्हणून पहाटेचे चार तास साधे धरले जातात, आणि १९ च्या रात्री 'बारा वाजले, सुट्टी संपली' म्हणून बारानंतरचे चार तासही साधे. आठाचे चार होतात. जी पद्धत सुट्टीत शिरताना लावली तीच बाहेर पडतानाही लावा, एवढंच मागणं आहे.

साप्ताहिक सुट्टीला मात्र असा पर्याय नाही. कलम ५७ मधून पुढे आलेल्या नियमाप्रमाणे ती पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास. रविवारी पहाटे साडेचारला सुटलेल्या माणसाची सुट्टी सोमवारी पहाटे साडेचारला संपते. त्याला रविवारी रात्री आठला बोलावलं तर सुट्टी साडेपंधरा तासांची झाली. हजेरीपटावर रविवारसमोर सुट्टी असं लिहिलेलं असलं तरी ती पूर्ण सुट्टी होत नाही.

हे सगळं तपासायला पंचिंगची यादी मागवायचीही गरज नाही. चिठ्ठीवरचे रात्रीचे तास घ्या, त्यांना महिन्यातल्या रात्रपाळ्यांनी भागा. ओव्हरटाइम नसलेला महिना निवडा म्हणजे झालं. आठ ते साडेचारच्या पाळीला उत्तर सहा यायला हवं. दोन आलं तर यंत्र बाराला थांबतं आहे. चार आलं तर बाराला सुरू होतं आहे. साडेपाच आलं तर जेवणाची सुट्टी दोनदा वजा झाली आहे, बहुधा एकदा पंचिंगच्या यंत्रात आणि एकदा पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये. साडेसहा आलं तर ती वजाच झालेली नाही आणि कंपनीचं नुकसान होतं आहे, तेही दुरुस्त करा. आठ आलं तर पाळीच्या नावावरून अख्खी पाळी रात्रीची धरली आहे. कामगाराला ते बरं वाटतं, पण पुढे ऑडिटमध्ये सापडलं की एकदम वसुली निघते आणि तेव्हा त्याच्यावर आभाळ कोसळतं. मी हा भागाकार कामगारांनाही शिकवतो. चिठ्ठीवर रात्रीचे तास छापलेले नसतील तर रात्रीच्या जादा रकमेला २४ ने भागायचं, कारण दर तासामागे तेवढीच भर आहे.

ज्या लहान कारखान्यांत आणि ठेकेदारांकडे पगार एक्सेलमध्ये होतो, त्यांच्यासाठी सूत्र देतो. अट एकच, आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ तारखेसकट लिहायची. नुसत्या वेळा लिहिल्या तर साडेचारातून आठ म्हणजे ४.३० वजा २०.०० असं होतं आणि उत्तर उणे येतं. मग कोणीतरी त्यात २४ मिळवतो, एकूण तास बरोबर येतात आणि सगळे समाधानी होतात. पण रात्रीची वाटणी त्याने सुधारत नाही. `A2` मध्ये आत येण्याची आणि `B2` मध्ये बाहेर पडण्याची तारीख-वेळ असेल तर रात्रीचे तास असे निघतात:

```
=24*(MAX(0,MIN(B2,INT(A2)+30/24)-MAX(A2,INT(A2)+22/24))
    +MAX(0,MIN(B2,INT(A2)+6/24)-A2))
```

यातली ३० म्हणजे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सहा. घड्याळ बाराला शून्यावर न आणता पुढे मोजत गेलं की २४, २५, २६ असं करत सहा वाजता ३० होतात, आणि रात्र २२ ते ३० अशी एकच सलग पट्टी राहते. सूत्राचा पहिला भाग या पट्टीत पाळीचा किती भाग येतो ते मोजतो. दुसरा भाग बारानंतर कामावर येणाऱ्यासाठी आहे. पहाटे पाचला ज्याची पाळी सुरू होते त्याचा पाच ते सहा हा तासही रात्रीच्या दराचा असतो आणि तो सहसा सुटतो. आपल्या कामगाराच्या वेळा घातल्या की उत्तर ६.५ येतं. जेवणाच्या सुट्टीच्या वेळा घालून तेच सूत्र पुन्हा वापरायचं, ०.५ येतं, ते वजा केलं की सहा. दहा वाजता किंवा सहा वाजता मध्येच मिनिटं पूर्णांकात आणू नका. वाटणी मिनिटांत करा, आणि करारात पूर्णांकात आणायचं असेल तर ते शेवटी एकदाच.

या सूत्राची मर्यादाही सांगतो. पाळी इतकी लांबली की दुसऱ्या रात्रीचे दहा वाजले, तर ते चुकेल. तेवढी लांब पाळी लागली असेल तर प्रश्न सूत्राचा उरत नाही.

ठेकेदारांना एक वेगळं सांगायचं आहे. तुमच्याकडे हजेरी कारखान्याच्या पंचिंगमधून येते आणि बहुतेकदा ती तारखेवार तासांच्या रूपात येते. शनिवार चार, रविवार सहा. पंचच्या वेळा त्यात नसतात. या यादीवरून तुम्ही कितीही प्रामाणिकपणे पगार केला तरी तो बरोबर येणार नाही, कारण ज्यावरून दर ठरतो ती माहिती तिथपर्यंत पोहोचलेलीच नाही. कारखान्याकडून पाळीवार यादी मागा, आत-बाहेरच्या वेळांसकट. एक पाळी, एक ओळ. बाहेरचा पंच दुसऱ्या तारखेला गेला म्हणून पहिल्या तारखेला 'मिस पंच' आणि दुसऱ्या तारखेला अर्धा दिवस गैरहजर लागलेली माणसं मी पाहिली आहेत. ती सगळी ठेक्यावरची होती. कायम कामगाराच्या बाबतीत टाइम ऑफिसातला कोणीतरी ओळखीने दुरुस्ती करून देतो. ठेक्यावरच्याला तिथे विचारायला जायचंही धाडस होत नाही.

तुमच्याकडून मला पुढचं हवं आहे. चिठ्ठीवर चार आकडे वेगळे छापा: दिवसाच्या दराचे तास, रात्रीच्या दराचे तास, दिवसातला ओव्हरटाइम आणि रात्रीतला ओव्हरटाइम. आज बहुतेक चिठ्ठ्यांवर 'नाईट अलाउन्स' म्हणून एकच रक्कम असते, तिच्यावरून कोणालाही काही ताडून बघता येत नाही. रात्र किती ते किती, दुप्पट कोणत्या दराची, सुट्टी घड्याळावरून की पाळीवरून, या तीन ओळी नोटीस बोर्डावर मराठीत आणि कोकणीत लावा. आणि मागच्या महिन्यांचा भागाकार तुम्ही स्वतः करून बघा. वेतन संहिता २०१९ मध्ये थकलेल्या पगाराचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, तेव्हा मागची तीन वर्षं काढायला हरकत नसावी. फरक निघाला तर तो पुढच्या पगाराबरोबर 'फरकाची रक्कम' असं वेगळं दाखवून द्या, कोणत्या महिन्यातल्या किती रात्रींचा ते लिहून. कामगाराने अर्ज करायची वाट बघू नका. रात्री आठ ते साडेचार काम करणारा माणूस तुमचं ऑफिस उघडं असतं तेव्हा झोपलेला असतो.

यातल्या कोणत्याही हिशेबाबद्दल शंका असेल तर तुमच्या कारखान्यातली एक पाळी, तिची सुट्टीची वेळ आणि करारातलं रात्रीच्या दराचं कलम एवढं कागदावर मांडा. मी येऊन तुमच्या माणसांबरोबर बसून ती पाळी सोडवून देईन. यासाठी मला मोबदला नको.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
डिचोली, गोवा